‘येर’ आणि ‘पानी’

गोंडी संपत चालली आहे, असं कुणी म्हटलं की मी जनगणनेचा आकडा पुढे करायचो. २००१ मध्ये गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २७ लाख होते, २०११ मध्ये जवळजवळ ३० लाख झाले. बोलणारे वाढताहेत, मग काळजी कसली? भिलाईच्या पोलाद कारखान्यात उभी हयात गेल्यामुळे आकड्यावर माझा भारी विश्वास. तो विश्वास इथल्याच खुर्सीपार वस्तीत, एका दुपारी डळमळला.

निवृत्तीनंतर एका अभ्यासकाला मदत म्हणून मी गोंडी शब्द गोळा करत होतो. भाषाशास्त्रात वापरतात तशी शंभर शब्दांची यादी हातात होती. खुर्सीपारच्या एका आजींसमोर रेकॉर्डर ठेवून मी हिंदीत विचारायचो आणि त्या गोंडी शब्द सांगायच्या. त्या मानपूरकडून लग्न होऊन इथे आलेल्या. पाण्याला काय म्हणता? ‘येर.’ घराला? ‘रोन.’ तासाभरात त्यांचा घसा कोरडा पडला. दारात नात खेळत होती. आजी तिला म्हणाल्या, “नोनी, थोरकुन पानी दे तो.”

म्हणजे छत्तीसगढीत. थोड्या वेळापूर्वी मला ‘येर’ सांगणाऱ्या आजींनी नातीकडे ‘पानी’ मागितलं. मी विचारलं, नातीशी गोंडी का बोलत नाही? त्या म्हणाल्या, “तिच्या बापाशीसुद्धा नाही बोलले. शाळेत हसले असते त्याला.” तेव्हा रेकॉर्डर बंद होता. दोन शब्द उरले होते म्हणून मी तो पुन्हा सुरू केला आणि यादी पुरी केली. त्या दिवसाची सर्वांत मोलाची दोन वाक्यं माझ्याकडे ध्वनिमुद्रित नाहीत, याची बोच अजून आहे.

मग युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये मांडलेले नऊ निकष वाचले. बोलणाऱ्यांची संख्या हा त्यांतला एकच निकष. पहिला आहे तो भाषा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते का, हा. पोरंबाळंही बोलत असतील तर पाच गुण. आईवडील आणि त्यांच्याहून मोठेच बोलत असतील तर तीन. फक्त आजीआजोबा उरले असतील तर दोन. आजींच्या घरात गोंडी दोनवर होती. जनगणनेला हे दिसत नाही, कारण तिथली मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. आजींची नोंद गोंडीतच होणार, मग त्यांनी चाळीस वर्षांत घरात ती उच्चारली नसली तरी. शिवाय २०११ मध्ये गोंड समाज सव्वा कोटीच्या वर होता. त्याच्याशेजारी ३० लाख ठेवले की तोच आकडा वेगळं बोलतो.

मात्र एका घराचा गुण अख्ख्या भाषेला लावणंही चूक. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. एकच भाषा खुर्सीपारला आजीपाशी थांबलेली आणि तिकडे वर्गात पोचलेली. म्हणून मोजणी गावागणिक, वस्तीगणिक व्हायला हवी: कोण, कुणाशी, कुठे, कुठल्या भाषेत बोलतं.

भाषेच्या नोंदीबद्दलचं माझं मतही त्याबरोबर बदललं. शब्द जपले की भाषा जपली, असं मी धरून चाललो होतो. पण माझ्या शंभर शब्दांतून पाणी मागायचं वाक्य बनत नाही. लहानाकडे कसं मागायचं, पाहुण्याला कसं विचारायचं, रागावून कसं सांगायचं, यातलं काहीच त्यात नाही. मोहगावसारख्या शाळेला असली यादी दिली तर गुरुजी त्यातून पहिला धडा तरी कसा बांधणार?

आज नोंद करायची झाली तर मी दोन गोंडी माणसांना समोरासमोर बसवीन आणि स्वतः बाजूला होईन. मोह वेचण्याबद्दल, लग्नातल्या देण्याघेण्याबद्दल त्यांना मनमोकळं बोलू देईन, पोर मध्ये आलं तर त्याच्याशी काय बोलतात तेही टिपीन. पंखा बंद, माइक तोंडाजवळ, ध्वनी न आवळता जतन केलेला. मग त्यांच्याच शेजारी बसून वाक्यागणिक लेखन आणि हिंदी अर्थ, कारण अर्थ न लावलेलं ध्वनिमुद्रण पुढच्या पिढीला नुसता आवाज वाटतो. बोलणाऱ्याचं गाव, वय, ती भाषा कुणाशी बोलतो हे लिहीन. गोंडी दर पट्ट्यात बदलते, गाव नसेल तर नोंद कुठली ते कळत नाही. काय उघड करायचं, काय घरातच ठेवायचं, हे त्यांनी ठरवायचं. आणि एक प्रत त्यांच्या घरी.

माझी पहिली प्रत मी आजींना दिलीच नव्हती. गेल्या महिन्यात पेनड्राइव्ह घेऊन गेलो. नातीने तो मोबाइलला जोडून ऐकला आणि आजीला विचारलं, ‘येर’ म्हणजे काय? या वेळी रेकॉर्डर मी आधीच सुरू केला होता.