चोविसाने भाग जातो का?

सिनेमातलं मला सर्वांत आवडतं ते कॅमेऱ्याचं सावकाश वळणं. पात्रं गप्प झालेली असतात, आणि कॅमेरा नदीच्या काठावरून, पलीकडच्या शेतांवरून निवांत नजर फिरवत जातो. याला पॅन म्हणतात. फोनच्या पडद्याची खरी परीक्षा इथेच होते. मारामारीच्या दृश्यात सगळंच इतकं धावत असतं की पडद्याची चूक त्यात खपून जाते. संथ पॅनमध्ये मात्र बांधावरचं एकटं झाड काही फोनांवर लंगडत चालतं: एक पाऊल घाईचं, एक रेंगाळलेलं. चित्र लख्ख असतं, नेटही जोरात असतं, तरी झाड लंगडतंच.

दोष भागाकारात असतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, आवाजाला एकसारखा वेग हवा होता, म्हणून हा आकडा ठरला आणि आजवर टिकला. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला साधारण ४२ मिलिसेकंद येतात. फोनचा पडदा मात्र स्वतःच्या ठेक्यावर चालतो. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि चित्र बदलायचं तर त्या ठोक्यावरच बदलतो, मध्येच नाही. साठाला चोविसाने भागलं की अडीच येतात, आणि अर्धा ठोका पडद्याकडे नसतो. मग तो तडजोड करतो: एक चित्र दोन ठोके, पुढचं तीन ठोके, पुन्हा दोन, पुन्हा तीन. पहिलं ३३ मिलिसेकंद दिसतं, दुसरं ५०.

आता त्या झाडाकडे पुन्हा पाहू. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे, की पॅनमध्ये एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला साधारण सात सेकंद घ्यावेत. सात सेकंदांत १६८ चित्रं होतात. आडव्या धरलेल्या फोनची रुंदी २४०० पिक्सेल असेल, तर झाड दर चित्रामागे सुमारे १४ पिक्सेल पुढे जातं. अंतर नेहमी सारखंच असतं, थांबणं मात्र कमीजास्त होतं. आपले डोळे तर झाडामागून सलग सरकत असतात. त्यामुळे झाड कधी नजरेच्या थोडं पुढे पडतं, कधी मागे राहतं, आणि हा हेलकावा सेकंदाला बारा वेळा येतो.

वेगवान पडदा घेतला की हे आपोआप मिटेल, असं वाटतं. पण ९० हर्ट्झवर भागाकार पावणेचार येतो. तीन चित्रं चार-चार ठोके थांबतात, चौथं तीनच. लंगडणं सौम्य होतं, जात नाही. १२० वर मात्र प्रत्येक चित्राला नेमके पाच ठोके मिळतात आणि झाड एका चालीने निघून जातं. त्याहून सावकाश असलेल्या ४८ वरही दोन-दोन ठोके बसतात. म्हणजे या बाबतीत ४८ चा पडदा ९० च्या पडद्याहून सरस ठरतो.

तरीही १२० चा फोन घेतलेल्याच्या हाती ते झाड लंगडू शकतं. बॅटरी वाचवायला काही फोन व्हिडिओ सुरू होताच पडदा ६० वर उतरवतात. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ॲपला यंत्रणेला सांगता येतं, की माझा व्हिडिओ २४ चा आहे, त्याला जुळणारा वेग दे. `setFrameRate()` ही ती हाक. पण ती विनंती असते, हुकूम नव्हे. फोन ती नाकारू शकतो आणि सगळी ॲप्स ती करतातही असं नाही. अनेक अँड्रॉइड फोनांत डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Show refresh rate` चालू केलं, की चालू वेग कोपऱ्यात दिसतो. सिनेमा चालू असताना तिथे ६० दिसले, की लंगडण्याचं मूळ सापडलं. आकडा १२० असूनही मधूनच, कसाही हिसका बसत असेल, तर चित्रं गळताहेत. तो रोग वेगळा. भागाकाराचं लंगडणं नेहमी ठेक्यात असतं.

आणि भाग नेमका गेला, तरी सिनेमा लोण्यासारखा सरकत नाही. २४ चित्रांची स्वतःची एक थरथर आहे. जलद पॅनमध्ये ती दिसतेच. ती पुसायला काही पडदे मधली चित्रं स्वतःच रचून घालतात, आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. मला ती थरथर हवी असते. तो सिनेमाचा स्वभाव आहे, लंगडणं हे पडद्याचं व्यंग. मी पडद्याकडून एवढंच मागतो, की त्याने प्रत्येक चित्राला सारखा वेळ द्यावा. आणि दुकानात मोठे आकडे ऐकवले जातात, तेव्हा मनातल्या मनात त्यांना चोविसाने भागून पाहतो.