पॅनवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं

शेवगावकर मित्रांनो, शेअर मार्केटच्या नावाखाली आपल्या तालुक्यात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर बरेच जण खासगी माणसाकडं पैसे देणं बंद करून स्वतःच्या नावावर म्युच्युअल फंड, डिमॅट काढायला लागले. चांगलं आहे. पण तिथं एक अडचण येते, खास करून आयाबहिणींना. म्हणून लिहितोय.

आमच्या वहिनींचं उदाहरण घ्या. लग्नाआधी काढलेल्या पॅनवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर आधार आणि बँक पासबुक सासरच्या नावानं. फंडात नाव पॅनप्रमाणं लागतं, म्हणून फोलिओ माहेरच्या नावानं निघाला. माहेरचं बँक खातं बंद झालं, नवीन खातं जोडायला अर्ज केला, तर नामंजूर. कारण चेकवर छापलेलं नाव फोलिओशी जुळेना. पैसे स्वतःचेच, पण काढता येईनात.

यात क्रम महत्त्वाचा. बरेच जण आधी फंडाकडं किंवा ब्रोकरकडं केवायसी बदलायला जातात आणि अर्ज परत येतो, कारण तिथलं नाव आयकर खात्याच्या पॅन नोंदीशी ताडून पाहतात. मूळ पॅन जुनाच असेल तर वरचं काहीच बदलत नाही.

म्हणून आधी ठरवा, यापुढं कुठलं नाव ठेवायचं. लग्न झालं म्हणून नाव बदलायलाच पाहिजे असा नियम नाही. आधारवर नाव मात्र आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा विचार करून. वहिनींचं आधार, बँक दोन्ही सासरच्या नावानं होतं, म्हणून फक्त पॅन बदलायचं ठरलं. नगरपरिषदेतून किंवा ग्रामपंचायतीतून विवाह प्रमाणपत्र घ्या आणि पॅन दुरुस्तीचा अर्ज करा. नंबर तोच राहतो. नवीन पॅन अजिबात काढू नका, दोन पॅन बाळगले तर दहा हजार दंड आहे.

नवीन पॅन आल्यावर ते आधारशी लिंक आहे का ते आयकर पोर्टलवर बघा. मग केवायसी दुरुस्तीचा फॉर्म भरा. स्थिती On-Hold दिसत असेल तर थांबा, KYC Validated झाल्यावरच पुढं जा. शेवटी प्रत्येक फंडाच्या फोलिओत नावबदल आणि नवीन बँक असा अर्ज, सोबत नाव छापलेला रद्द केलेला चेक. केवायसी सुधारलं म्हणून जुन्या फोलिओतलं नाव आपोआप सुधारेल असं धरून चालू नका. डिमॅटचा अर्ज ब्रोकरकडं वेगळा, आणि काम झाल्यावर त्याच्याकडून क्लायंट मास्टर रिपोर्ट मागून नाव, बँक, वारस तिन्ही वाचा.

घरातल्या बाईचं पॅन आणि पासबुक आज शेजारी ठेवून बघा. पैशांची गरज लागेल त्या दिवशी हे करायला वेळ नसतो.