टॉन्सिल्सचं ऑपरेशन आणि सहाव्या दिवसाचं दुखणं

नौपाड्यात बहुतेक मुलांची टॉन्सिल्सची ऑपरेशन्स मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत ठरतात. ऑपरेशन कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात, पण घरी गेल्यावर पडणारे प्रश्न माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात. आणि ते येतात साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, म्हणजे "आता बरं झालं" असं सगळ्यांना वाटायला लागलेलं असतं तेव्हा. म्हणून आज त्या दिवसांबद्दलच लिहितो.

मागच्या सुट्टीतली एक मुलगी सांगतो. वय सहा, वजन वीस किलो. सोमवारी ऑपरेशन झालं, मंगळवारी घरी आली. गुरुवारी आईस्क्रीम आणि दहीभात खाल्ला, खेळली. शुक्रवारी आईने दुखण्याचं औषध बंद केलं, कारण "उगाच जास्त औषध नको." रविवारी सकाळपासून मुलगी पाणीही घेईना. कान दुखतो म्हणून रडत होती. आजींनी बॅटरीने घशात पाहिलं तर दोन्ही बाजूंना पांढरं. संध्याकाळी तिघी दवाखान्यात आल्या. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पू झालाय, जरा चांगलं अँटिबायोटिक द्या."

पांढरं म्हणजे पू नव्हे

टॉन्सिल्स काढल्यावर तिथे टाके घालून कातडी जोडलेली नसते. जखम उघडीच भरून येते. गुडघा खरचटल्यावर जशी खपली धरते तशीच इथेही धरते, फक्त तोंडात कायम ओल असल्यामुळे ती तपकिरी न होता पांढरट-पिवळसर दिसते. तिच्यामुळे तोंडाला वासही येतो. हे जखम भरत असल्याचं लक्षण आहे. त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही आणि ती बोटाने किंवा कापसाने पुसायचीही नाही.

पाचव्या दिवसापासून ही खपली सुटू लागते आणि खालची नाजूक, कच्ची जागा उघडी पडते. म्हणून कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढतं. कानाचं म्हणाल तर घशाची आणि कानाची संवेदना एकाच नसेतून जाते, त्यामुळे घसा दुखला की कान दुखल्यासारखं वाटतं. त्या मुलीचे दोन्ही कान मी तपासले, ते अगदी स्वच्छ होते.

औषध किती, कोणत्या बाटलीतून

मुलांचं पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर ठरतं. एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, आणि २४ तासांत चारच डोस. वीस किलोच्या मुलीला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. तिच्या कागदावर सर्जननी "६ मिली" लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं, कारण त्यांनी दिलेल्या सिरपमध्ये ५ मिलीत २५० मिलिग्रॅम औषध होतं. पण घरी ती बाटली संपल्यावर तापासाठी आणलेली जुनी बाटली वापरली गेली. तिच्यात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम होतं. म्हणजे सहा मिलीतून मुलीला १४४ मिलिग्रॅमच मिळालं, निम्म्याहूनही कमी. "औषधाने काही फरकच पडला नाही, म्हणून बंद केलं," या आईच्या तक्रारीचं उत्तर बाटलीच्या लेबलवर होतं. उलटं झालं असतं, म्हणजे पातळ सिरपचा डोस घट्ट सिरपमधून दिला असता, तर औषध दुप्पट गेलं असतं. म्हणून मिलीच्या आकड्याशेजारी "५ मिलीत किती" हेही वाचा आणि चमच्याऐवजी सिरिंजने मोजा.

अनेक सर्जन जोडीला आयबुप्रोफेन देतात, एका वेळी दर किलोला १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, काही खाल्ल्यावर. दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या, तसंच पाणीच न पिणाऱ्या मुलाला ते विचारल्याशिवाय देऊ नका. बाजारात दोन्ही औषधं एकत्र असलेली सिरप मिळतात. तशी बाटली चालू असेल तर वेगळं पॅरासिटामॉल देऊ नका, नाहीतर तेच औषध दोनदा जातं.

काही औषधं मात्र घरात असली तरी द्यायची नाहीत. कोडीनचं खोकल्याचं औषध काही मुलांच्या शरीरात फार वेगाने मॉर्फिनमध्ये बदलतं आणि श्वास मंदावतो. असे मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असं जाहीर केलं. ट्रामाडॉललाही तोच नियम. निमेसुलाइडवर आपल्याकडे २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आहे. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो.

दुखण्याचं औषध साधारण आठवडाभर तरी ठरलेल्या वेळेला द्यावं, मूल रडण्याची वाट पाहू नये. सकाळचा डोस उठल्याबरोबर द्या, कारण रात्रभर घसा कोरडा पडून पहिला घोट सर्वांत जास्त दुखतो.

खाणं नंतर, आधी पिणं

त्या मुलीने सकाळपासून लघवी केली नव्हती. दुखतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि अजून दुखतं, असं ते चक्र असतं. मी तिला पॅरासिटामॉलचा पूर्ण डोस दिला, पाऊण तास बसवलं, मग दर पाच मिनिटांनी दोन लहान चमचे पाणी. तासाभरात अर्धा कप गेलं आणि घरी जाण्यापूर्वी तिने लघवीही केली. तसं झालं नसतं तर सलाइनसाठी रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. आठ तास लघवी नसेल, ओठ-जीभ कोरडी असेल किंवा मूल मलूल असेल, तर थांबू नका.

थंड दिल्याने जखम चिघळत नाही. आईस्क्रीम, थंड दूध, ताक चालतं. पेज, मऊ खिमट, वरणभात, शिरा कोमट द्या. लिंबू, कोकम, टोमॅटोचं सार आणि तिखट झोंबतं, चिवडा आणि टोस्ट टोचतात, म्हणून ते दोन आठवडे नको. मूल पोळी मागत असेल तर दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. चावण्या-गिळण्याने घशाचे स्नायू मोकळे राहतात.

रक्त, प्रवास आणि शाळा

खपली सुटते त्याच काळात, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, काही थोड्या मुलांना रक्तस्राव होतो. थुंकीत ताजं लाल रक्त, रक्ताची किंवा काळपट उलटी, किंवा झोपेत सारखं गिळत राहणं, यांपैकी काहीही दिसलं तर मुलाला बसवून पुढे वाकवा, रक्त थुंकायला सांगा आणि लगेच रुग्णालय गाठा. जास्त असेल तर १०८ ला फोन करा. आपोआप थांबलं तरी जाऊन दाखवा, कारण मोठ्या रक्तस्रावाआधी कधीकधी असा थोडा होतो.

म्हणूनच ऑपरेशननंतर लगेच कोकणात गावी जाऊ नका. दोन आठवडे रुग्णालय जवळ असावं. शाळेसाठीही हाच हिशोब. मूल नेहमीसारखं खातंय, दुखण्याच्या औषधाशिवाय रात्रभर झोपतंय आणि दहा दिवस उलटलेत, या तिन्ही गोष्टी जुळल्या की शाळा. खेळ, पी.टी. आणि पोहणं दोन आठवड्यांनंतर.

ती मुलगी बाराव्या दिवसापर्यंत पोळी-भाजी खात होती, पण रात्री एकदा औषध लागायचं. म्हणून आईला आणखी दोन दिवस थांबायला सांगितलं. पंधराव्या दिवशी ती शाळेत गेली.