थांबलेल्या प्रेसची हजेरी

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या आसपासच्या गाळ्यांमध्ये शिरलं की आधी आवाज येतो आणि मग माणसं दिसतात. स्टीलच्या भांड्यांचं काम इथे गल्लोगल्ली चालतं. पत्र्याची सर्कल कापायची, डायमध्ये दाबून त्यांची वाटी किंवा डबा ओढायचा, कडा छाटायच्या, पॉलिश मारायचं. अशाच एका प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. खाली पावर प्रेस, वर पॉलिश आणि पॅकिंग.

माल परदेशी पाठवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं ऑडिट होणार होतं, तेव्हा शेठनी भिंतीवर हिंदी-मराठीत मोठा फलक लावून घेतला: ‘धोका दिसल्यास काम थांबवा. हा प्रत्येक कामगाराचा अधिकार आहे.’ ऑडिटवाल्याने फोटो काढला, चहा घेतला आणि गेला. फलक तिथेच राहिला. महिनोन्‌महिने त्याखाली कुणी काही थांबवल्याचं मी पाहिलं नाही. आमच्या सगळ्या प्रेस काही तेवढ्या निर्दोष नव्हत्या.

फलक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा लाल बटण असावं. आमच्या जुन्या प्रेसवर लाल बटण दाबलं तर फक्त मोटर बंद पडते. फ्लायव्हील तसंच फिरत राहतं, मिनिटभर किंवा जास्तही. या प्रेसच्या क्लचमध्ये एक चावी असते. पायाखालचं पॅडल दाबलं की ती फिरत्या फ्लायव्हीलच्या खाचेत बसते, क्रँक पूर्ण एक फेरा घेतो आणि रॅम खाली येऊन वर जातो. चावी एकदा खाचेत बसली की फेरा मध्येच तोडता येत नाही. हात आत आहे हे ओरडून सांगितलं, बटण दाबलं, मेन स्विच पाडला, तरी रॅम खाली येणारच.

त्यातही एक फसवणूक आहे. खाच एकच असेल तर पॅडल दाबल्यावर ती चावीसमोर येईपर्यंत जवळजवळ पूर्ण फेरा जाऊ शकतो, आणि त्यानंतर रॅम खाली यायला अर्धा फेरा लागतो. मिनिटाला 50 फेरे धरले तर एक फेरा 1.2 सेकंदाचा, म्हणजे पॅडल दाबल्यापासून रॅम खाली टेकेपर्यंत 1.8 सेकंद जाऊ शकतात. माणसाचा हात सेकंदाला साधारण 1.6 मीटर सरकतो असं सुरक्षेच्या हिशेबात धरतात. त्या वेळात तो जवळपास तीन मीटर जाईल. आमच्याकडे एक विक्रेता ‘दोन हातांची बटणं लावा, हात वाचतील’ म्हणत यायचा. वरच्या हिशेबाने बटणं तीन मीटरवर, म्हणजे गाळ्याच्या पॅसेजमध्ये लावावी लागली असती. सर्कल कापायच्या प्रेसवर पत्रा जाईल एवढी फट ठेवून जाळी बसवता येते. डबा ओढायच्या प्रेसवर नग हातानेच ठेवायचा असतो, तिथे चिमटा हवा. चुंबकी चिमट्याचा प्रयोगही झाला होता, पण आमच्या भांड्यांच्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही. शेवटी रबरी कपाचा, हवा ओढून पकडणारा चिमटा आणला.

तेव्हा अशा प्रेसवर ‘काम थांबवा’ म्हणजे पॅडलवर पाय जायच्या आधी थांबवा. हे ठरवायला ऑपरेटरकडे धोक्याचा पुरावा नसतो, फक्त संशय असतो. आवाज बदललाय, रॅम वर थांबताना थोडा पुढे गेलाय, पॅडल उशिरा उचललंय, एवढंच.

आमच्या चार नंबरच्या प्रेसवर एक काका होते, चिपळूणकडचे, या कामात केस पांढरे झालेले. एका दुपारी ते उठून माझ्याकडे आले. हात पुसत म्हणाले, ‘साहेब, डबल मारला.’

‘कितीदा?’

‘एकदाच. परत नाही मारला. पण मारला.’

डबल मारणं म्हणजे पॅडल एकदा दाबल्यावर रॅमने दोनदा खाली येणं. दुसऱ्या वेळेला हात नेमका नग उचलायला आत गेलेला असतो. बोटं जातात ती बहुतेक अशीच. काकांचा हात वाचला, कारण ते त्या नगाला चिमट्याने धरून होते.

तेवढ्यात ठेकेदाराच्या माणसाने मागून विचारलं, ‘किती नग राहिलेत?’ मला वाटतं फलकाचं भवितव्य अशाच प्रश्नात ठरतं. थांबवणाऱ्याला पहिला प्रश्न मालाचा ऐकू आला, की पुढच्या वेळी डबल मारल्याची खबर माझ्याकडे येत नाही. येते ती ॲम्ब्युलन्स. मी त्याला तिथून वर पाठवलं आणि काकांना म्हटलं, ‘काय दिसलं ते मला दाखवा.’

मोटर बंद केली, मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातलं आणि कुलपाची चावी काकांच्या खिशात दिली. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत कुणी जवळ गेलं नाही. मग रॅमखाली लाकडाचा जाड ठोकळा घातला, कारण ब्रेक ढिला असेल तर रॅम आपल्या वजनानेच खाली सरकतो. क्लचचं झाकण काढून चावी बाहेर घेतली. तिच्या धारा नखाला टोचायला हव्यात. इथे त्या चिंचोक्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. क्लचची स्प्रिंगही ताणून सैल पडलेली. शिवाय ब्रेकच्या पट्ट्यावर ग्रीस उतरलं होतं, त्यामुळे क्रँक वरच्या जागी ठाम उभा राहत नव्हता. यांतलं एकच बिघडलेलं असतं तर प्रेस कदाचित आणखी काही आठवडे गुपचूप चालली असती. तिन्ही मिळून अधूनमधून डबल मारत होती, आणि म्हणूनच ‘परत नाही मारला’ हे कुणालाही आश्वासक वाटलं असतं.

नवी चावी आणि स्प्रिंग यायला संध्याकाळ झाली. मधल्या तीन तासांत काका बसून होते. त्यांचा दर नगाला 25 पैसे, तासाला चारेकशे नग, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास गेले. त्यांनी मागितले नाहीत. मागणारही नव्हते.

संध्याकाळी शेठशी बोललो तेव्हा मी सुरक्षेवर भाषण दिलं नाही. त्यांना ते फलकाच्या निमित्ताने ऑडिटवाल्याकडून भरपूर मिळालं होतं. एवढंच म्हटलं, ‘शेठ, तीनशे रुपये काकांचे की प्रेसचे? प्रेस बिघडली होती. देखभालीच्या खात्यात टाका.’ शेठ थोडे कुरकुरले. ‘मग रोज कुणीतरी डबल मारला म्हणेल.’ मी म्हटलं, ‘म्हणू दे. दर वेळी झाकण उघडून बघायचं. खोटं निघालं तर कळेलच.’ त्यांनी मान्य केलं, पण अट घातली की हजेरी नगाच्या सरासरीने मिळेल आणि नोंद वहीत माझ्या सहीने होईल. अट रास्त होती.

कायद्याकडे पाहिलं तर फलकावरचं वाक्य तिथे तसं सापडत नाही. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात 41-एच कलम आलं. ते घातक प्रक्रियेच्या कारखान्यांपुरतं होतं, आणि त्यात कामगाराने जीवाला धोका वाटल्यास मालकाच्या किंवा मॅनेजरच्या, थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधींमार्फत, लक्षात आणून द्यायचं, सोबत निरीक्षकालाही कळवायचं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या 14 व्या कलमात हाच हक्क अधिक व्यापक केला. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. दोन्हीकडे शब्द ‘कळवण्या’चे आहेत. प्रेस स्वतः थांबवून बाजूला होण्याचा अधिकार कामगाराला मालक देतो, आणि मालकाचा शब्द पाळला जातो की नाही हे पॅडलपाशी उभ्या असलेल्या सुपरवायझरवर अवलंबून असतं. केबिन रोडवरून निरीक्षकाला कळवून तो येईपर्यंत काकांनी आणखी हजारएक नग काढले असते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी रोजच्या केल्या. सकाळी काम सुरू होण्याआधी प्रत्येक प्रेसवर डाय मोकळी ठेवून दहा रिकामे स्ट्रोक मारायचे. क्रँकच्या कॉलरवर आणि फ्रेमवर खडूने एकेक रेघ ओढलेली असायची. दर स्ट्रोकनंतर रेघा समोरासमोर थांबल्या तर ठीक. कॉलरची रेघ पुढे सरकत चालली की ब्रेक ढिला होतोय, आणि डबल मारायच्या कितीतरी आधी ते दिसतं. पुढे ऑपरेटर मला सांगण्याऐवजी एकमेकांच्या रेघा बघायला लागले.

दुसरी गोष्ट परत चालू करण्याची. ज्याने थांबवली, त्यानेच कुलूप काढायचं आणि पहिले वीस रिकामे स्ट्रोक त्यानेच मारायचे. मी किंवा फिटरने ‘झालंय, चालव’ म्हटलं तरी त्याला पटलं नाही तर कुलूप तसंच. एकदा नव्या पोराने दोन वेळा कुलूप काढलं नाही आणि दोन्ही वेळा प्रेस ठीक निघाली. ठेकेदार चिडला. मी पोराची हजेरी दिली आणि त्याला काकांजवळ बसवलं, म्हणजे त्याला साधा खडखडाट आणि स्प्रिंगचा आवाज यातला फरक कळेल. त्याचा संशय चुकला होता, पण तो सांगायला आला होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

रात्रपाळीत मात्र ही पद्धत लंगडी होती. रात्री मी नसायचो, ठेकेदाराचा मुकादम असायचा, आणि सकाळी वहीत रात्रीची एकही नोंद नसायची. सगळ्या प्रेस रात्री आपोआप सुधारतात यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून सकाळच्या रेघांवरून रात्रीचं बघायला लागलो. रेघ सरकलेली असूनही वही कोरी असली की मुकादमाला दुपारी बोलवायचो. त्याला बोलणी खायला नको वाटायची, मग हळूहळू एखादी नोंद येऊ लागली. ती बहुधा काकांच्या पुतण्याची, तो रात्रपाळीला होता.

वरच्या पॉलिशच्या मजल्यावर हे पोचलं नाही. तिथली माणसं सगळी ठेकेदाराची, आणि थांबलेल्या वेळेचे पैसे द्यायचे तर त्याचा होकार लागायचा. पॉलिशचा पट्टा तुटला तर हजेरी द्यायला तो तयार झाला. धूळ ओढणारा पंखा बंद पडला तर मात्र नाही म्हणाला. पंखा बंद असला तरी भांडं चमकतं, असं त्याचं म्हणणं. मी ते काम सोडेपर्यंत वहीतलं पंख्याचं पान कोरंच होतं.