काटा पाहून लावलेली यादी

सकाळच्या पाळीला आठ वाजता हजेरी लावली की रात्रपाळीचा सहकारी मला वॉर्डातून फिरवून आणतो आणि काय काय राहिलंय ते सांगतो. मी ते कागदावर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवतो. मी कारंज्यात सरकारी दवाखान्यात कक्षसेवक आहे. लोक वॉर्डबॉय म्हणतात, म्हातारी माणसं ‘शिपाईभाऊ’ म्हणतात. माझं काम म्हणजे माणसं आणि वस्तू इकडून तिकडे वेळेवर पोचवणं.

ही गोष्ट २०२३च्या पावसाळ्यातली. त्या सकाळी कागदावर होतं ते असं. पुरुष वॉर्डात दम्याचे एक आजोबा ऑक्सिजनवर, त्यांचं सिलिंडर बदलायचं. अकराला हर्नियाचं ऑपरेशन, त्याचे ड्रम ऑटोक्लेव्हला लावायचे. वॉर्डातले रक्ताचे नमुने लॅबमध्ये द्यायचे. पाय मोडलेल्या एका बाईंना एक्स-रेला न्यायचं. एका बाळंतिणीला सुट्टी होती, तिला १०२च्या गाडीपर्यंत सोडायचं. मग पिवळ्या-लाल पिशव्या आणि धुण्याचे कपडे.

सव्वाआठला मी आजोबांच्या सिलिंडरचा काटा पाहिला. पंचवीसवर होता. भरलेल्या सिलिंडरचा काटा दीडशेच्या आसपास असतो. वॉर्डातल्या जम्बो सिलिंडरच्या पोटात साधारण ४६ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. काट्यावरचा आकडा तिला गुणला की आत किती लिटर वायू उरलाय ते कळतं. पंचवीस गुणिले ४६ म्हणजे साडेअकराशे लिटर. आजोबांना मिनिटाला पाच लिटर चालू होता, म्हणजे पावणेचार तास. पण काटा शून्यावर येईपर्यंत कोणी थांबत नाही. दहाच्या खाली गेलं की त्या सिलिंडरवर विसंबायचं नाही, हा माझा नियम. दहा सोडून हिशेब केला तर सव्वादोन तास उरत होते. साडेदहाच्या आत बदललं की झालं. म्हणून ते काम मी दुसरं ठेवलं आणि ड्रम पहिले. ऑटोक्लेव्हला तापायला, २०-३० मिनिटं दाबाखाली राहायला आणि नंतर आतलं कापड कोरडं व्हायला मिळून सव्वा-दीड तास सहज जातो. ड्रम नऊला आत गेले तरच अकराला टेबलावर येतात.

ड्रम ट्रॉलीवर ठेवत होतो तोच फाटकातून ऑटो आत आला. मागच्या सीटवर दोघांच्या मधे विशीतला एक पोरगा मान टाकून बसलेला. सोबतचे त्याला काखेत धरून चालवत आणायला लागले. मी ट्रॉली भिंतीला लावली आणि स्ट्रेचर घेऊन धावलो.

“काय झालं?”

“पोट दुखून रायलं जी पहाटपासून,” मोठा भाऊ म्हणाला. “गॅस झाला असन म्हणून सोडा देल्ला. आता तं डोयेच उघडत नाई.”

“काही चावलं का?”

“नाई नाई. रात्री जेवून चांगला झोपला होता.”

“कुठं झोपला होता?”

“घरातच, खाली. सतरंजीवर.”

पोराच्या दोन्ही पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मला पाहायला त्यानं डोळे वर केले नाहीत, हनुवटी वर केली. ओठाच्या कडेनं लाळ येत होती. आमच्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला आणि त्याच्या पापण्या उतरलेल्या असल्या, तर डॉक्टर आधी मण्यारचा विचार करतात. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, तिचे दात एवढे बारीक की बरेचदा खूण दिसत नाही, सूज येत नाही आणि फारसं दुखतही नाही. घरच्यांनी ‘काही चावलं नाही’ म्हणणं ही त्यांची चूक नव्हे. त्यांना खरंच माहीत नसतं.

त्याला पुढे एक पाऊलही चालू दिलं नाही. साप चावल्याची शंका असली तर अंग हलवायचं नाही, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरतं. आम्ही त्याला उचलूनच घेतलं आणि डाव्या कुशीवर निजवलं. गिळता येत नसलेल्या माणसाला पाठीवर निजवलं तर त्याची लाळ त्याच्याच श्वासनलिकेत जाते. उतारावरून स्ट्रेचर नेताना पाय पुढे आणि डोकं वरच्या बाजूला, चढावर डोकं पुढे. आत शिरताना मी सिस्टरांना ओरडून सांगितलं, “पापण्या पडल्यात, लाळ गिळत नाही.”

डॉक्टरांनी त्याला उशीवरून मान उचलायला सांगितली. उचलता आली नाही. एका श्वासात आकडे मोजायला लावले, तर तो सातापर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. औषधभांडारातून सर्पविषाच्या लशीच्या दहा कुप्या, लॅबमधून काचेची कोरडी नवी नळी आणि अंबू बॅग.

इथं माझी यादी मोडली. मोडली म्हणजे कामं गेली नाहीत, त्यांच्या जागा बदलल्या. अशा वेळी मी प्रत्येक कामाला दोन गोष्टी विचारतो. तुझं घड्याळ कुठं आहे आणि तुझी वाट कोण पाहतंय? आजोबांचं घड्याळ काट्यावर होतं, साडेदहापर्यंत. ड्रमचं घड्याळ नऊला संपत होतं, आणि ते मला पाळता येणार नव्हतं. लॅबकडे धावता धावता ऑपरेशन थिएटरच्या दारात थांबून मी सिस्टरांना एवढंच सांगितलं, “ड्रम लागले नाहीत, इमर्जन्सी आहे, मी मोकळा कधी होईन सांगता येत नाही.” त्यांनी लगेच ठरवलं. आदल्या दिवशी निर्जंतुक केलेला एक संच तातडीच्या सिझरसाठी राखून ठेवला आणि हर्नियाच्या डॉक्टरांना वेळ पुढे ढकलायला सांगितली. उपाशीपोटी बसलेल्या त्या रुग्णालाही तेव्हाच कळलं. काम मागं पडलेलं दवाखान्याला चालतं, पण ते मागं पडलंय हे ज्याला कळायला हवं त्याला कळलं नाही तर मोठा घोटाळा होतो. अकराला माणूस टेबलावर आणि ड्रम भिंतीशी, हे मला कधीच होऊ द्यायचं नसतं.

वॉर्डातले नमुने त्याच खेपेत लॅबला दिले, वाट तीच होती. एक्स-रेच्या बाईंचा पाय फळीला बांधलेला होता, दुखण्याचं इंजेक्शनही झालं होतं. त्यांना उशीर होईल म्हणून सांगितलं. बाळंतिणीला आमच्या आयामावशी सोडून आल्या.

काचेच्या नळीबद्दल थोडं सांगतो, कारण ती आणायचं काम माझ्याकडेच असतं. तिच्यात रुग्णाचं थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवतात आणि मग तिरकी करून बघतात. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष. नळी प्लॅस्टिकची चालत नाही आणि साबणानं धुतलेली तर मुळीच नाही, तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. या पोराचं रक्त गोठलं. भाऊ म्हणाला, “म्हणजे साप नाई न?” डॉक्टरांनी त्याला समजावलं की मण्यार आणि नाग रक्ताला नाही, नसांना धरतात. त्यांनी नळीची वाटही पाहिली नव्हती. पापण्या बघूनच लस सुरू केली होती. कुप्यांतली लस भुकटीच्या रूपात असते, तिच्यात पाणी घालून सिस्टर ती हळूहळू फिरवत होत्या. जोरात हलवली की नुसता फेस होतो.

पण मण्यारच्या बाबतीत लस पुरत नाही. जी नस आधीच विषाच्या ताब्यात गेली ती लशीनं लगेच सुटत नाही, ती आपोआप बरी होईपर्यंत माणसाचा श्वास दुसऱ्या कोणी चालवावा लागतो. पावणेनऊला त्याची छाती उथळ हलायला लागली. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली आणि ती बांधून होईपर्यंत अंबू बॅग माझ्या हातात दिली. पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, छाती उचललेली दिसली की सोडायची. घाबरलेला माणूस भराभर दाबतो, त्यानं वारा आत जातो पण बाहेर यायला सवड मिळत नाही. पोरगा पूर्ण शुद्धीत होता. डोळे मिटलेले, हात हलत नव्हते, पण त्याला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून सांगत होते, “तू झोपलेला नाहीस हे आम्हाला माहीत आहे. श्वास आम्ही देतोय.” माझ्या हातातल्या रबरावर एका माणसाचं जगणं चालू आहे हे तेव्हा मला पोटातून कळत होतं.

दिवसच्या दिवस व्हेंटिलेटरवर ठेवायचं म्हणजे अकोल्याचं सर्वोपचार. आमचा वाशिम जिल्हा १९९८मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, तरी मोठ्या दुखण्याला इथल्या माणसाच्या तोंडी आधी अकोलाच येतं. १०८ची गाडी समृद्धी महामार्गावरच्या अपघाताला गेली होती, म्हणून दवाखान्याची गाडी काढली. डॉक्टर आणि सिस्टर सोबत जाणार होते. ऑक्सिजन बघणं माझ्याकडे.

लहान सिलिंडरच्या पोटात दहा लिटरची जागा, त्यामुळे हिशेब सोपा, काट्यापुढे एक शून्य. एकाचा काटा १३०वर, म्हणजे १३०० लिटर. दुसऱ्याचा ६०वर, म्हणजे ६००. अंबूला मिनिटाला दहा लिटर लागणार. मूर्तिजापूरमार्गे अकोला ७० किलोमीटरच्या आसपास, पावसातला रस्ता, गाडीत चढवणं-उतरवणं धरून दोन तास. म्हणजे १२०० लिटर. पहिलं जेमतेम पुरलं असतं, पण रेल्वे फाटक किंवा झाड पडल्याची वीस मिनिटं त्यात नव्हती. मी दोन्ही चढवली, पट्ट्यांनी बांधली, चावी दुसऱ्या सिलिंडरच्या गळ्यात अडकवली आणि चालकाला दाखवली. चावी मागं राहिली तर भरलेलं सिलिंडर काय कामाचं? सिस्टरांना म्हटलं, “वायू संपला तरी बॅग दाबणं थांबवू नका.” त्या म्हणाल्या, “माहीत आहे भाऊ.” बॅग साध्या हवेवरही चालते, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी मी बोललो.

दहाला दहा कमी असताना गाडी सुटली. मी तसाच जम्बो सिलिंडर कलतं करून बुडावर फिरवत पुरुष वॉर्डात नेलं. आजोबांचा काटा पंधराच्या थोडा खाली होता. नव्याचा व्हॉल्व क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवली, रेग्युलेटर बसवला, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आले. आजोबा म्हणाले, “उशीर केला आज.” मग ड्रम, मग एक्स-रेच्या बाई. हर्निया दीडला लागलं. पिशव्या आणि कपडे दोनला येणाऱ्या सहकाऱ्याच्या कागदावर गेले.

गाडी परतली तेव्हा मी काटे पाहिले. पहिलं सिलिंडर रिकामं, दुसरं ४०वर.

चौथ्या दिवशी पोराच्या भावानं चालकाला फोन केला. नळी निघाली होती, आवाज बसलेला होता, पाणी पिताना ठसका लागत होता. मी फोन हातात घेतला आणि त्याला सांगितलं, घरी न्यायच्या आधी एक खाट आणि मच्छरदाणी घे, आणि मच्छरदाणीच्या कडा रोज रात्री गादीखाली नीट खोच. “डासाईले?” त्यानं विचारलं. म्हटलं, नाही, मण्यारला. खोचलेल्या जाळीतून ती आत येऊ शकत नाही. “मंग चार घेतो,” तो म्हणाला, “आमी समदेच खाली झोपतो.”