डास की ढेकूण?

शिक्षक-पालक मित्रांनो, सहलीत आम्ही दिवेआगरला एका घरगुती निवासात उतरलो होतो. सकाळी एका मुलीच्या हातावर आणि पाठीवर लाल, खाजऱ्या गांधी रांगेत उठलेल्या. "किनारा आहे, डासच असणार!" असं सगळे म्हणाले.

डास इथेतिथे चावतो. खाज लगेच सुटते. ढेकूण मात्र सरकत सरकत तीन-चार ठिकाणी चावतो, म्हणून बऱ्याचदा रांग दिसते. पण नुसती रांग हा पुरावा नाही. काहींना गांधी उठतच नाहीत, काहींना दोन-तीन दिवसांनी उठतात. म्हणजे ढेकूण घरचाही असू शकतो!

म्हणून गादी बघा. आम्ही टॉर्च घेऊन शिवणी तपासल्या. कोपऱ्यात शाईसारखे काळे ठिपके आणि सफरचंदाच्या बीएवढा चपटा, तपकिरी किडा सापडला. खोली बदलून घेतली. घरी आल्यावर पिशव्या बाहेरच रिकाम्या केल्या, कपडे कडक गरम पाण्यात धुतले.

ढेकणाने रोग पसरत असल्याचं दिसलेलं नाही. थंड पाण्याच्या घडीने खाज कमी होते. डासांनंतर ताप आला, तर मात्र डेंग्यू-मलेरियाची तपासणी लगेच करून घ्या.