नमनाला किती तेल?

अमेरिकेतील विद्यापीठांत साहित्याच्या पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ नावाचे एक निवेदन लिहावे लागते. ते साधारण दोन पानांचे, पुष्कळदा हजार शब्दांच्या आतले असते. अर्ज शेकड्यांनी येतात, जागा मोजक्याच असतात, आणि वाचणारे असतात त्याच विभागातले, आपली शिकवणी सांभाळून बसलेले प्राध्यापक. आमच्या विद्यार्थ्यांची अशी निवेदने आम्ही बरीच वर्षे वाचत आलो आहोत. आमच्याकडील संशोधन-प्रवेशाच्या समितीवर बसून टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही वाचली आहेत. तिथे बसल्यावर कळते, की आपण कविता वाचतो तसे हे वाचन नसते.

पहिल्या फेरीत वाचक निवड करीत नसतो, बाजूला ठेवीत असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : या उमेदवाराचा प्रश्न कोणता, तो हाताळण्याची त्याची तयारी किती, आणि आमच्या विभागात त्याला मार्गदर्शन करील असे कोणी आहे का. त्यासाठी तो पहिला परिच्छेद वाचतो, पुढच्या परिच्छेदांच्या पहिल्या वाक्यांवरून नजर फिरवतो, आणि शेवटी प्राध्यापकांची नावे येतात तिथे थांबतो. मग गुणपत्रिका, शिफारसपत्रे, लेखनाचा नमुना. सावकाश, पूर्ण वाचन होते ते दुसऱ्या फेरीत, उरलेल्यांचे. म्हणजे एकाच मजकुराला दोन वाचनांना उतरावे लागते.

आमच्या विद्यार्थ्यांचे लेखन नेमके इथे अडते. शाळेपासून आपल्याला निबंध शिकवला जातो तो प्रस्तावनेपासून. मुद्दा सावकाश, आदबीने आणायचा. परिणामी नमनालाच घडाभर तेल जाते.

एका विद्यार्थिनीचे निवेदन आठवते. पहिल्या परिच्छेदात आजीच्या गोष्टी आणि वाचनाची लहानपणापासूनची आवड. दुसऱ्यात बी.ए., तिसऱ्यात एम.ए.चे विषय, म्हणजे गुणपत्रिकेत असलेलेच सारे. चौथ्यात साहित्य हे समाजाचे प्रतिबिंब असल्याचे विधान. पाचव्या परिच्छेदाच्या मध्यावर मात्र एक वाक्य असे होते, की आम्ही वाचता वाचता सरसावून बसलो. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० सालचे. कुसुमावती देशपांडे यांचा इंग्रजी अनुवाद १९६३ साली निघाला, त्याचे नाव ‘रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस’. मूळ नावातले ‘आमच्या’ जाऊन तिथे ‘रानडे’ आले, आणि सांगणारी स्त्री उपशीर्षकात गेली. अनुवादात स्त्रीच्या आत्मकथनाचा केंद्रबिंदू असा कुठे कुठे सरकतो, हे तिला तपासायचे होते. हा खरा प्रश्न होता; पण पहिल्या फेरीचा वाचक तिथवर पोहोचलाच नसता.

आम्ही तिला नवे काही लिहायला सांगितले नाही, फक्त क्रम बदलायला सांगितला. दोन शीर्षकांची जोडी पहिल्या तीन वाक्यांत आली आणि तिच्यापाठोपाठ प्रश्न. दुसऱ्या परिच्छेदाचे पहिले वाक्य झाले : ‘एम.ए.च्या प्रबंधिकेत मी मूळ आणि अनुवाद ओळीओळीने ताडून पाहिले.’ पुढे त्याचा तपशील. तिसऱ्यात अभ्यास कसा वाढवायचा : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि तिचे अनुवाद. शेवटी दोन प्राध्यापक, आणि त्यांच्या कोणत्या कामाशी आपला प्रश्न जुळतो ते. एका सत्रातल्या कमी गुणांचा खुलासा तिने अखेरीस ठेवला होता. निरोपाच्या जागी सबब नको म्हणून तो दोन वाक्यांत मध्ये, प्रबंधिकेच्या तपशिलाखाली गेला. आजी गेली, ती या प्रश्नाशी जोडलेली असती तर राहिली असती.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुष्कळ जण पहिल्या वाक्यातच मोठा दावा ठोकतात, दोन-तीन युरोपीय सिद्धान्तकारांची नावे घेतात, आणि खाली त्याला आधार नसतो. असे निवेदन पहिल्या फेरीत तरते, दुसऱ्या फेरीत बुडते. पुढे आणलेल्या प्रत्येक विधानाखाली ते तोलून धरणारे काम हवे. प्रश्नच नसेल तर क्रम बदलून तो निर्माण होत नाही.

हे तपासण्याची आमची रीत साधी आहे. निवेदनातील परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये एका कागदावर उतरवायची आणि विषयाबाहेरच्या सहकाऱ्याला मिनिटभर द्यायची. मग कागद काढून घ्यायचा आणि विचारायचे, या मुलीला काय शोधायचे आहे? ‘तिला साहित्याची आवड दिसते’ असे उत्तर आले, तर निवेदन पुन्हा लिहायचे. ‘अनुवादात ‘आमच्या’चे काय झाले ते’ असे आले, तर पाठवायचे.